मदत हवी आहे : पुडिंग घट्ट करणारी सुटी पावडर जिलेटिन आहे की चायना ग्रास, हे घरी कसे ओळखावे?

सुरंगी (गुहागर) :
आमच्याकडे उन्हाळ्यात घरगुती राहण्याची सोय असते आणि जेवणानंतर पाहुण्यांना आंब्याचे पुडिंग दिले जाते. या वेळी जाऊबाईंनी बाजारातून फिकट पिवळसर, रवाळ अशी सुटी पावडर आणली. पुडीवर ना नाव, ना हिरवी-तपकिरी खूण. परवा पुण्याच्या एका शाकाहारी आजींनी पुडिंग खाऊन झाल्यावर विचारले, "यात जिलेटिन नाही ना?" मला उत्तर देता आले नाही. जिलेटिन नेमके कशाचे करतात, आणि ही पावडर तेच आहे का, हे ओळखण्याची काही रीत आहे का? एक निरीक्षण असे की पडवीत ठेवलेली वाटी अर्ध्या तासात कडेने पाणी सोडू लागली.

कातळवाट :
सुटे जिलेटिन बाजारात मिळते याचेच आश्चर्य वाटले. आमच्या विहिरीच्या कातळासाठी जिलेटिनच्या कांड्या आणायच्या होत्या, तर परवान्यासाठी केवढे हेलपाटे झाले. असली वस्तू स्वयंपाकघरात ठेवू नये.

काजूबोंड :
जिलेटिन मासळीच्या कातडीपासून करतात, त्यामुळे आपल्याकडे फारसे कुणाचे अडू नये. जेली, पुडिंग, कॅप्सूल, सगळे त्याचेच असते.

ओहोळ :
कातळवाट, पूर्वीच्या कांडीतला घट्टपणा नायट्रोसेल्युलोजमुळे नायट्रोग्लिसरीनला येत असे. दोन्ही लिबलिबीत, म्हणून नाव सारखे. खाण्याच्या जिलेटिनशी त्याचा संबंध नाही.

काजूबोंड, मासळीचे जिलेटिन असते हे खरे, पण बाजारातले बहुतेक जिलेटिन डुकराच्या कातडीचे किंवा गुराम्हशींच्या कातडी-हाडांचे असते. मी बेकरीचा कच्चा माल विकत असे, तेव्हा एका कारखान्यात पाहिले होते. हाडांतली चरबी काढून ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात, म्हणजे कॅल्शियम विरघळून जाते आणि हाडाच्याच आकाराचा मऊ, रबरासारखा सांगाडा उरतो. तो कित्येक आठवडे चुन्याच्या निवळीत मुरवून, धुऊन, गरम पाण्यात उतरवतात. तो अर्क गाळून, आटवून, वाळवला की तुमच्या पुडीतल्यासारखा रवा होतो.

सुरंगीताई, तुमच्या पडवीनेच अर्धे उत्तर दिले आहे. जिलेटिनची जेली अंगाच्या उष्णतेच्या आतच वितळते, म्हणून ती तोंडात विरघळते आणि चैत्रातल्या दुपारी वाटीतही. चायना ग्रास समुद्रशेवाळाचे असते. एकदा घट्ट झाले की सुमारे ८५ अंशांपर्यंत हलत नाही. एक चमचा पावडर अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवा, फ्रीजमध्ये घट्ट करा आणि तिचा तुकडा अंघोळीच्या पाण्याइतक्या गरम पाण्यात टाका. शिवाय चिमूटभर कोरडी पावडर जुन्या चमच्यात जाळून पाहा. जिलेटिनला केस जळल्याचा वास येतो. मात्र तुकडा टिकला म्हणजे चायना ग्रासच, असे समजू नका, कारण जेलीच्या तयार पाकिटांत कॅराजीनन असते आणि तेही शेवाळाचेच.

सुरंगी :
करून पाहिले. गरम पाण्याला उकळी न आणताच पावडर विरघळली, तुकडा दहा मिनिटांत नाहीसा झाला आणि चमच्याचा वास इतका स्पष्ट होता की सासूबाईंनी ओसरीवरून विचारले, कुणाचे केस जळले? आता आंब्याचे पुडिंग चायना ग्रासवर कसे करावे?

ओहोळ :
अर्ध्या लिटरला जिथे ७ ते ८ ग्रॅम जिलेटिन लागते, तिथे चायना ग्रासची पावडर सुमारे ३ ग्रॅम पुरते. ती थोड्या पाण्यात दोन मिनिटे खळखळून उकळा, नुसत्या गरम पाण्यात ती विरघळत नाही. आमरस त्यात उकळू नका, आंबटपणाने घट्टपणा कमी होतो. आणि फ्रीजमधला गार रसही एकदम ओतू नका, लगेच गाठी होतात. पोत जिलेटिनसारखा रेशमी येणार नाही, थोडा कुरकुरीत तुटतो. मला तो खरवसाच्या जवळचा वाटतो, पण माझ्या घरी यावर एकमत नाही.

काजूबोंड :
म्हणजे मार्शमेलो, गमी, न भाजलेले चीजकेक, मूस, सगळ्यांत हेच?

ओहोळ :
मार्शमेलोत बहुधा हेच. गमी पेक्टिनवरही करतात, म्हणून पाकिटावरची खूण पाहावी. मूस आणि चीजकेक मात्र बेकरीच्या काचेमागे बिनखुणेचेच असतात; तिथे विचारण्यावाचून इलाज नाही.

लाटेची_फेणी :
माझ्या वडिलांच्या व्हिटॅमिन ई च्या मऊ गोळ्यांचे काय? ते माळकरी आहेत.

ओहोळ :
पट्टीवर 'सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूल' असे लिहिले असेल तर कवच त्याचेच. कडक कॅप्सूल वनस्पतिजन्य कवचातही येतात, तेव्हा 'हायप्रोमेलोज' किंवा 'एचपीएमसी' हा शब्द शोधा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कवच फोडून औषध देऊ नका, काही औषधे पोटात ठरावीक जागीच सुटावीत अशी असतात.

सुरंगी :
पट्टीवर निदान शब्द तरी असतो. पुण्याच्या आजींना फोन करून सांगावे, असे मला वाटते. जाऊबाई म्हणतात, खाल्ले ते खाल्ले, आता कशाला त्यांच्या मनाला घोर लावायचा. आपल्यापैकी कुणावर असा प्रसंग आला आहे का?