मदत हवी आहे : बार कॉर्ड धरताना डाव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ येते

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. वय ३८, राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. अकूस्टिक गिटार शिकतोय. डिसेंबरात ग्रेडची परीक्षा आहे म्हणून पावसाळ्यापासून रियाज वाढवला. आधी रोज अर्धा तास व्हायचा, आता दीड तास होतो, आणि त्यातला बराचसा एफच्या बार कॉर्डवर जातो.

तेव्हापासून डाव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने दुखतं. तिथे जे हाड वर आलेलं असतं, नेमकं त्यावर. वाजवताना सुरुवातीला बोथट दुखतं, दहा मिनिटांनी कळ येते. आता भरलेलं पातेलं एका हाताने उचललं किंवा बाटलीचं झाकण फिरवलं तरी जाणवतं. मुंग्या येत नाहीत, सूज दिसत नाही.

क्लासमधले सर म्हणतात, ताकद कमी आहे, सवयीने जाईल. रियाज चालू ठेवू की बंद करू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बेसूर

सगळ्यांचंच होतं हो पहिल्या वर्षी. बोटांची टोकं कडक झाली की दुखायचं थांबतं. माझी तर सालं निघाली होती. तारा पातळ लावा आणि वाजवून झाल्यावर लगेच पाण्यात हात घालू नका.

कासारवडवलीकर

बेसूर, टोकांचं नाही म्हणत आहे मी. ती केव्हाच दगड झालीत. दुखणं मनगटाजवळ आहे.

ठाणेकर तात्या

मी चाळीस वर्षं पेटी वाजवतोय, गिटारचा गंध नाही. पण हात सगळ्यांचे सारखेच. पहिली गोष्ट, हात तापवल्याशिवाय द्रुत लयीत जायचं नाही. ऑफिसातल्या एसीतून येऊन थेट अवघड पलटे घेतलेस तर हात बोलणारच. दहा मिनिटं विलंबित, मग पुढे. दुसरी गोष्ट, रबरी चेंडू घे आणि बसमध्ये-गाडीत दाबत बस. पंजात ताकद आली की मनगटावर भार येत नाही. रात्री बाम चोळून झोप.

निषाद

मी नेरुळला फिजिओ आहे, क्लासिकल गिटार वाजवते. तात्यांच्या पहिल्या मुद्द्याला +१. चेंडूला मात्र कृपया हात लावू नका. चिमटीत दाबूनच हे दुखणं आलेलं दिसतंय, त्यावर आणखी दाबण्याचा व्यायाम कशाला?

अंगठा वर उचलणाऱ्या आणि बाहेर नेणाऱ्या दोन शिरा (आपण बोलीत स्नायूबंधांना शिराच म्हणतो) त्या हाडावरून एका अरुंद नळीतून जातात. अंगठा आवळलेला, मनगट करंगळीकडे झुकलेलं आणि तेच शंभरदा, असं झालं की त्या नळीत घासायला लागतं. धाग्यावर निदान करणार नाही, पण तुम्ही सांगताय ती जागा आणि पातेल्याची खूण याच्याशी जुळते. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायची चाचणी यूट्यूबवर सापडेल. ती जोर लावून केली तर धडधाकट माणसालाही दुखतं, तेव्हा स्वतः करून घाबरू नका.

आता मला तीन गोष्टी सांगा. गिटार कोणत्या मांडीवर ठेवता आणि पट्टा लावता का? ऑफिसला कसे जाता? आणि वाजवत नसताना डावा हात काय करत असतो?

मृण्मयीची आई

धागा पळवत नाहीये, पण मुलीचंही असंच चाललंय. दहा वर्षांची आहे, पियानो शिकते, घरी कीबोर्ड आहे. दोन्ही मनगटं दुखतात म्हणते. टीचर म्हणतात हात लहान आहे. कुणाला अनुभव?

कासारवडवलीकर

निषादताई, गिटार उजव्या मांडीवर, पट्टा नाही. नेक डाव्या हातानेच तोलून धरतो. ऑफिसला मोटारसायकलने जातो. कापूरबावडी, मग कळव्याचा पूल, विटाव्याहून ऐरोली. पाऊस असला की विटाव्याला तासभर पहिल्या गिअरमध्येच. दिवसभर लॅपटॉप. घरी आल्यावर जेवून रियाज, आणि मध्ये ब्रेक घेतला तर फोन बघतो.

ऑफिसचा आणि फोनचा गिटारशी काय संबंध? दुखतं वाजवताना.

निषाद

संबंध हाच की तुमच्या डाव्या हाताला सुट्टीच नाही. क्लच डाव्या हाताने आवळायचा, मग टायपिंग, मग नेक तोलायची, मग बार, आणि ब्रेकमध्ये त्याच अंगठ्याने फोन सरकवायचा. रियाज तिप्पट झाला तो आधीच थकलेल्या हातावर. गिटारने शेवटची काडी टाकली, एवढंच.

आता एफकडे या. सगळे जण तर्जनी सहाही तारांवर सारख्या जोराने दाबायला जातात. या आकारात तर्जनीच्या वाट्याला खरं तर तीनच तारा येतात: सहावी, दुसरी आणि पहिली. मधल्या तीन तारा बाकीची बोटं पुढच्या फ्रेटवर धरतातच, तर्जनीने तिथे जोर लावून काही मिळत नाही. तर्जनी किंचित कडेवर, अंगठ्याच्या बाजूला कलती ठेवा. बोटाच्या मऊ पोटापेक्षा ती कड टणक असते, कमी जोरात तार बसते. फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून धरा, घराच्या मध्यावर नको.

मग जोर मोजा. तारांवर हात नुसता टेकवा, उजव्या हाताने एकेक तार छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. खरखर संपून स्वर स्वच्छ आला की तिथेच थांबा. पुढचा सगळा जोर वाया जातो. बहुतेकांना इथे धक्का बसतो. नंतर अंगठा नेकवरून पूर्ण काढा, उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने गिटार अंगाशी धरा आणि डावा हात खांद्यापासून हलकासा मागे ओढून बार वाजवून बघा. क्षणभर का होईना, स्वर निघतो. म्हणजे जोर खांद्याच्या ओढीतून येऊ शकतो, चिमटीतून यायची गरज नाही. हे दिवसातून चार-पाच वेळाच करा, यालाही रियाज बनवू नका.

बसताना पट्टा लावा, नेकचं डोकं खांद्याच्या उंचीला येईल इतकं वर घ्या. मनगट आपोआप सरळ होतं आणि डाव्या हाताला काही उचलून धरावं लागत नाही.

फ्रेटबोर्ड_फणी

ताईंनी हाताचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि तोच बार एक घर पुढे धरा. एकदम सोपं वाटलं तर दोष तुमच्या अंगठ्याचा कमी आणि नटचा जास्त. नटच्या खाचा उंच असल्या की पहिल्या फ्रेटवर तार फार खाली दाबावी लागते. स्वस्त गिटारी अशाच येतात. त्यात आपल्याकडचा पावसाळा. लाकूड दमट होऊन फुगतं, पुढची फळी वर येते, तारा उंचावतात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या फार वर अंतर असेल तर सेटअप करून घ्या. तोवर तारा अर्ध्या स्वराने उतरवून वाजवा, ताण लगेच कमी होतो. घरी कानस घेऊन बसू नका, खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार खडखडते आणि नट बदलावा लागतो.

ठाणेकर तात्या

अंगठ्याचा एक मुद्दा. माझा भाचा बँडमध्ये वाजवतो, त्याचा अंगठा नेकच्या वरून डोकावतो, सहावी तार तो अंगठ्यानेच धरतो. त्याला काही होत नाही. मग मागे ठेवायचा हा नियम कुणाचा?

निषाद

नियम कुणाचाच नाही, तात्या. हात मोठा आणि नेक सडपातळ असेल तर तोही एफ धरायचा चांगला मार्ग आहे, त्यात बारच लागत नाही. लहान हाताने तसं केलं की मनगट वाकडं होतं. मी स्वतः मागे ठेवते, पण रुंद नेकवर मला पर्यायच नाही.

मृण्मयीची आई, हात लहान असणं हे कारण क्वचित असतं. ती बसते कशावर? कीबोर्ड एक्ससारख्या स्टँडवर आणि खुर्ची जेवणाच्या टेबलाची असेल तर कोपर पट्ट्यांच्या खाली राहतं आणि मनगट मोडून बोटं वर काढावी लागतात. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा जरासं वर येईल इतकं आसन उंच करा, आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट द्या. पाय टेकले नाहीत की मूल खांदे वर ओढून तोल धरतं. त्यानंतरही दुखलं तर दाखवा. दहा वर्षांच्या मुलीला ‘सवयीने जाईल’ म्हणू नये.

मृण्मयीची आई

जेवणाची खुर्चीच आहे! पाट आजच देते.

कासारवडवलीकर

धागा वर काढतोय. कॅपोचा प्रयोग केला, फरक जमीन-अस्मानाचा. नट उंच निघाला, कारागिराने खाचा उतरवून दिल्या. बार पूर्ण बंद ठेवले, ऑफिसला सध्या लोकलने जातो. पातेलं उचलताना आता क्वचितच दुखतं. मोकळे कॉर्ड वाजवले तर काही होत नाही. बार परत कधी आणि किती सुरू करू? आणि एक नवीनच, काल पहाटे जाग आली तेव्हा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होती. हात झटकल्यावर गेलं.

निषाद

बधिरपणा पुन्हा झाला तर धाग्यावर विचारू नका, हाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरला दाखवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट म्हणजे वेगळी नस, तिचा या शिरांशी संबंध नाही. एकदाच झालं असेल तर हात अंगाखाली दबला असेल. मनगट दुमडून झोपताय का तेवढं घरच्यांना बघायला सांगा.

बारबद्दल : रोजच्या कामात दुखणं पूर्ण गेल्यावरच. सुरुवातीला पाच मिनिटं खांदे सैल करून मोकळे कॉर्ड सावकाश वाजवा, हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरा. जोर लावून बोटं मागे ताणायची गरज नाही. बार दोन-तीन मिनिटंच, तेही तिसऱ्या-पाचव्या फ्रेटपासून, कारण पहिला फ्रेट सगळ्यात कठीण. एकूण वीस मिनिटं झाली की गिटार खाली ठेवून पाच मिनिटं उठा, आणि त्या पाच मिनिटांत फोन नको. दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा आहे ते बघा. सकाळी दुखलं तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, मागे या. नाही दुखलं तर दोन-तीन दिवस तेवढंच ठेवून मग थोडं वाढवा. स्नायू दमले तर रात्रीत उतरतं. त्याच एका ठिपक्यावर सकाळी पुन्हा टोचलं तर ते दमणं नव्हे.

बेसूर

आणि डिसेंबरची परीक्षा?

कासारवडवलीकर

तोच प्रश्न आहे. फी भरून झालीय. सर म्हणतात दे, बायको म्हणते पुढच्या सत्रात दे.

निषाद

तुमच्या गाण्यांपैकी किती बारवर उभी आहेत ते आधी बघा. यादीत निवडायला वाव असतो, बार कमी असलेली गाणी घेता येतात का ते सरांना विचारा. सगळीच बारची निघाली तर मी वहिनींच्या बाजूने आहे.