मदत हवी आहे: क्लायंटला रिपोर्टचा मेल पाठवला, तर ते म्हणते फाईल उघडत नाही

वणीकर
नमस्कार मंडळी. वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये इंटर्न आहे, कापसाच्या गाठींचे टेस्ट रिपोर्ट मेल करायचं काम माह्याकडं आहे. काल इचलकरंजीच्या गिरणीला लॉट 27 चे रिपोर्ट पाठवले, मोबाईलनं काढलेले आठ फोटो, सब्जेक्ट नुसता 'रिपोर्ट'. तिकडून विचारणा आली की कोणत्या लॉटचा आहे, आणि लिंक दाबली तर परवानगी मागते. मी फोटो लावले होते, लिंक काऊन गेली? नवीन मेल कसा लिहू?

पाटील_पांढरकवडा
झिप करून टाक, साईज कमी होते.

कापूसवाला
पाटील, झिपनं आठ फाईलींची एक होते हे बरोबर, पण फोटो आधीच दाबलेले असते, साईज काही फारशी उतरत नाही. वणीकर भाऊ, एकूण 25 एमबीच्या वर गेलं की जीमेल स्वतःच फाईल ड्राईव्हवर ठेवून लिंक लावते आणि ती लिंक समोरच्याले उघडी नसते. तुह्या खात्यातून ती नेहमीच उघडन म्हणून तुले कळत नाही, दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहा.
ड्राईव्हच्या अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह आहे, त्यानं आठही पानं स्कॅन कर, काळ्यापांढऱ्यात, एकच पीडीएफ होते आणि बरीच हलकी. फाईलचं नाव `lot27_test_report.pdf` ठेव, स्कॅनची तारीख अन आकडे तसेच ठेवशील तर महिन्याभरानं गिरणीवाल्याले सापडणार नाही. मग मेल असा:

सब्जेक्ट: लॉट 27, 100 गाठी: टेस्ट रिपोर्ट, होकार शुक्रवारपर्यंत हवा

नमस्कार साहेब,
लॉट 27 चा रिपोर्ट सोबत जोडला आहे, एक पीडीएफ, 8 पानं. कालच्या मेलमधल्या लिंकऐवजी हीच फाईल पाहावी. सरासरी लांबी 29.2 मिमी, मायक्रोनेअर 3.9. पसंत असल्यास शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे शनिवारी गाडी भरता येईल.

लांबी अन मायक्रोनेअर मेलमध्येच लिही, तो माणूस मोबाईलवर आधी तेच पाहते. फाईल पहिले जोड, 'टू' मधला पत्ता सगळ्यात शेवटी टाक, म्हणजे अर्धवट मेल जातच नाही.

सोनाली_यवतमाळ
मला पण बायोडाटा पाठवायचा आहे, सब्जेक्ट काय टाकू?

कापूसवाला
ताई, पदाचं नाव अन तुमचं नाव. नवीन धागा काढा ना.

पाटील_पांढरकवडा
पण वणीकर, नवीन मेल नको, त्याच मेलले रिप्लाय दे, मागचं सगळं एका जागी राह्यते.

कापूसवाला
मग सब्जेक्ट 'रिपोर्ट'च राह्यते, शोधायले नाव कोणतं टाकन तो? मी तरी नवीनच पाठवतो.

पाटील_पांढरकवडा
आमच्याकडचे क्लायंट उलट चिडते, दोन-दोन मेल काऊन म्हणते.

वणीकर
स्कॅन केलं, दीड एमबी झालं! नवीनच पाठवतो. साहेबांना सीसीत ठेवू का, ते बाहेरगावी आहेत?