शब्दचर्चा : चॅनलच्या बॅनरमधल्या ‘सेफ एरिया’ला मराठीत काय म्हणावं?

मीनल_सातारा
आमच्या बचत गटातल्या बायकांसाठी यूट्यूब चॅनल कसं सजवायचं याचं दोन पानी टिपण मी लिहिते आहे. बॅनरच्या परिच्छेदात अडकले. मूळ सूचना अशी की चित्र २५६० बाय १४४० पिक्सेलचं करा आणि नाव, लोगो मधल्या १५४६ बाय ४२३ च्या ‘सेफ एरिया’त ठेवा. मी लिहिलं, “मधल्या सुरक्षित क्षेत्रातच मजकूर ठेवा, भोवती समास सोडा.” एका ताईंनी ते तंतोतंत पाळलं. मधोमध पापड-कुरडयांची सुंदर पट्टी, आणि भोवती सगळं पांढरंफटक. फोनवर छान दिसलं. लेकाने घरच्या टीव्हीवर चॅनल उघडलं तर चुना मारलेल्या भिंतीवर पोस्टकार्ड डकवल्यासारखं दिसत होतं. ताईंचं काही चुकलं नाही, माझा शब्द चुकला. दुसरा सुचवा.

छपाईची_शाई
‘सुरक्षित क्षेत्र’ म्हटलं की मला लष्कराची पाटी आठवते. पण यात नवीन काय आहे? छापखान्यात याला आम्ही ब्लीड म्हणतो. पत्रिका छापताना रंग कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवतो, कटिंगमध्ये तो जातो. तेच हे. ब्लीडच लिहा, सगळ्यांना कळतं.

अनंत_निवृत्त
ब्लीड बाहेरचं असतं, शाईवाले, आणि मीनलताई आतल्या भागाचं नाव विचारताहेत. तुमच्याकडे आतल्या भागालाही मजकुराची हद्द असतेच की, कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत. साम्य असलंच तर त्या हद्दीशी आहे.

पण हा शब्द छापखान्यातून आलेला नाही, टीव्हीतून आलाय. मी बरीच वर्षं वृत्तविभागात ग्राफिक्सला होतो. जुने ट्यूबचे संच चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा थोडं मोठं काढायचे. व्होल्टेज उतरलं किंवा संच जुना झाला तरी कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून. त्याला ओव्हरस्कॅन म्हणत. त्यात कोणाच्या घरी कड किती जाईल याचा नेम नसे. म्हणून आमच्या मॉनिटरवर दोन चौकटी आखलेल्या असत. बाहेरची ९० टक्क्यांची, हालचाल तिच्या आत. आतली ८० टक्क्यांची, अक्षरं तिच्या आत. पुढे रुंद पडदे आल्यावर त्या ९३ आणि ९० झाल्या. ‘सेफ’ म्हणजे “इथलं अक्षर कोणाच्याही घरी कापलं जाणार नाही”. सुरक्षितता अक्षराची होती, जागेची नव्हे. मराठीत विशेषण जागेला चिकटलं आणि घोळ झाला.

रश्मी_डोंबिवली
माझाही हाच प्रॉब्लेम! थंबनेलवर खाली उजव्या कोपऱ्यात मी “भाग ३” लिहिते आणि त्याच्यावर व्हिडिओची वेळ येऊन बसते. म्हणजे तो कोपरा असुरक्षित क्षेत्र का?

अनंत_निवृत्त
रश्मी, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमचा “भाग ३” झाकला जातो, बॅनरमधलं नाव कापलं जातं. झाकलेलं चित्र जागेवरच असतं, त्याच्यावर दुसरं काही येतं. कापलेलं त्या पडद्यावर येतच नाही. तो कोपरा मोकळा ठेवा, एवढंच. बॅनरच्या शब्दात हे ओढू नका, नाहीतर एकाच शब्दाला दोन कामं लागतील.

शब्दवेडा
मग ‘निर्धोक पट्टा’? किंवा ‘अभयक्षेत्र’. माझं मत अभयक्षेत्राला.

दामू_फोंडा
अभयक्षेत्र वाचून वाघांचं अभयारण्य डोळ्यांसमोर आलं हो.

मी व्यवसायाने हेच करतो, चॅनलवाल्यांची बॅनरं. मीनलताईंच्या ताईंच्या बाबतीत काय झालं ते आधी नीट पाहू, शब्द त्यातूनच निघेल असं वाटतं. चित्र एकच चढवायचं असतं, पण ते तीन ठिकाणी तीन मापांत दिसतं. टीव्हीला अख्खं, २५६० बाय १४४०. कॉम्प्युटरला रुंदी पूर्ण, पण उंची फक्त मधली ४२३. फोनला उंची तीच ४२३, आणि रुंदीही दोन्ही बाजूंनी कापून साधारण १५४६. एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखं. सगळ्यात आतला डबा तिघांनाही दिसतो, म्हणून नाव तिथे.

आता बेरीज-वजाबाकी करा. २५६० मधून १५४६ गेले, उरले १०१४, म्हणजे डावीउजवीकडे ५०७ - ५०७. उंचीत १४४० मधून ४२३ गेले, वरखाली ५०८ - ५०९. योगायोगाने चारही बाजूंना जवळपास सारखंच. मी चित्र उघडलं की आधी चार मार्गरेषा ओढतो, आडव्या ५०८ आणि ९३१ वर, उभ्या ५०७ आणि २०५३ वर. मग कामाला हात लावतो. क्षेत्रफळ काढलंत तर तो मधला तुकडा सबंध चित्राच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी भरतो. ताईंनी चार हिस्से पांढरे सोडले, टीव्हीने ते इमानेइतबारे दाखवले.

म्हणजे खोट ‘सुरक्षित’पेक्षा ‘समास’ या शब्दात जास्त आहे. वहीचा समास कोरा सोडायचा असतो. बॅनरचा बाहेरचा भाग भरायचा असतो, फक्त त्यात वाचायचं काही ठेवायचं नसतं.

मीनल_सातारा
हे पटलं. पण मग भरायचं कशाने? त्या ताईंकडे पापडांचा एकच फोटो आहे, आडवा.

दामू_फोंडा
तोच पसरवा. वाळत घातलेले पापड टीव्हीच्या पूर्ण मापाला लावा आणि नावाच्या मागे, मधल्या चौकटीत, थोडी गडद छटा द्या म्हणजे अक्षरं उठून दिसतील. फोटो लहान असेल तर ताणू नका, फाटतो. अशा वेळी मी फोटो मध्ये ठेवतो आणि भोवती त्याच्यातलाच एखादा रंग भरतो. रंग भरलेली कड कंटाळवाणी दिसेल, पण कोरी दिसणार नाही. कोणाचा चेहरा मात्र चौकटीच्या रेषेवर आणू नका. टीव्हीवर पूर्ण माणूस आणि कॉम्प्युटरवर नुसती हनुवटी, असं माझ्याकडून एकदा झालंय. गिऱ्हाईक अजून आठवण काढतं.

छपाईची_शाई
मग मधला १५४६ बाय ४२३ चा तुकडाच चढवायचा ना? फाइलही हलकी होईल.

दामू_फोंडा
चढणारच नाही. किमान २०४८ बाय ११५२ लागतं, आणि फाइल ६ एमबीच्या आत. त्या किमान मापात मधली चौकट १२३५ बाय ३३८ होते. मीनलताई, टिपणात एकच जोडी लिहा. दोन्ही लिहिल्यात तर कोणीतरी २०४८ च्या चित्रात १५४६ ची चौकट आखणार आणि नावाची दोन्ही टोकं फोनवर जाणार. हे मी पाहिलंय.

शब्दवेडा
तिघांना दिसणारं, तिघांच्या वाट्याचं... मग ‘सामाईक’! सामाईक विहीर, सामाईक भिंत, तशी ‘सामाईक चौकट’. मूळ इंग्रजीपेक्षा हे नेमकं आहे. बाहेर धोका आहे असं काही सुचवत नाही, आणि कोरं सोडा असंही म्हणत नाही.

रश्मी_डोंबिवली
सामाईक म्हटलं की आमच्याकडे कोर्टाची तारीख आठवते. सातबाऱ्यावर सामाईक क्षेत्र आहे आणि चार चुलते बोलत नाहीत.

अनंत_निवृत्त
हसू आलं, पण शब्द चांगला आहे. चॅनलचं चित्र कापायच्या खिडकीत यूट्यूबही आतल्या चौकटीवर `Viewable on all devices` असंच लिहितं, ‘सेफ’ नव्हे. बाहेरच्या दोन भागांवर `Viewable on desktop` आणि `Viewable on TV`. म्हणजे त्यांनीही शब्द धोक्यावरून दिसण्यावर आणलाय.

एक भर घालतो. टीव्हीला अख्खं चित्र मिळतं म्हणून टोकाच्या कडेपर्यंत काही महत्त्वाचं नेऊ नका. नव्या सपाट संचांतही ओव्हरस्कॅनची सोय असते, आणि पुष्कळ घरांत ती चालू आहे हे कोणाला ठाऊकही नसतं. तुमची बाहेरची कड तिथे थोडी जाणार.

मीनल_सातारा
‘सामाईक चौकट’ मला आवडला. आज दोघींना विचारून पाहिलं. एकीला लगेच कळलं. दुसरी म्हणाली, “म्हणजे सगळ्या गटाच्या बॅनरवर एकच चौकट घालायची का?” 😀

आणखी एक. नाव चौकटीत ठेवूनही एकीच्या फोनवर ‘चिंच’ची ‘चिच’ झाली. हे कापलं गेलं म्हणायचं की काय?

दामू_फोंडा
हे कापलं जाणं नव्हे, बारीक होणं. १५४६ पिक्सेलची रुंदी फोनच्या पडद्यावर येते तेव्हा अक्षर जवळपास चौथाई होतं. कॉम्प्युटरवर काम करताना ४८ ची ओळ ऐसपैस दिसते, फोनवर ती १२ ची होऊन बसते. रोमन अक्षर त्यातही तगतं. आपला अनुस्वार म्हणजे एक ठिपका, तो आधी विरतो. मग रफार, मग जोडाक्षरातला बारीक भाग. म्हणून नाव एकाच ओळीत, जाड वळणाचं, आणि ४२३ च्या उंचीत निदान १५० चं तरी घ्या. “घरगुती, चविष्ट, केमिकलविरहित” ही खालची ओळ काढून टाका. फोनवर ती मुंग्यांची रांग दिसते. आणि वेलांटी-उकार धरून उंची मोजा. शिरोरेखेपासून खाली मोजलंत तर वेलांटी थेट वरच्या रेषेला भिडते.

तपासायला सोपं : चित्र फोनवर घ्या, हात लांब करून धरा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा कोणाला वाचायला सांगा. चॅनलवर चढवल्यावर फोनचं ॲप, कॉम्प्युटर आणि कोणाच्या तरी घरचा टीव्ही, तिन्हीकडे उघडून पाहा. कापण्याच्या खिडकीतला नमुना चौकटी दाखवतो, अक्षर किती बारीक होईल ते दाखवत नाही.

शब्दवेडा
मग टिपणात असं चालेल का : “नाव सामाईक चौकटीत, चित्र काठोकाठ.” ‘काठोकाठ’मुळे कोरं सोडण्याचा प्रश्नच येत नाही.

छपाईची_शाई
काठोकाठ चांगलं आहे. सामाईक मला अजून जड वाटतो. माझ्या पोरांना विचारलं, ती ‘सेफ एरिया’च म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही.

मीनल_सातारा
त्यांचं अडत नाही कारण ती रेषा ओढून मग काम करतात. आमच्या ताई वाक्य वाचून करतात. मी ‘सामाईक चौकट’ लिहिते आणि शेजारी तीन डब्यांचं चित्र काढते. पहिल्यांदा येईल तिथे ‘सेफ एरिया’ही लिहीन, म्हणजे कोणा पोराला विचारायचं झालं तर अडणार नाही. ‘बॅनर’ मात्र बॅनरच ठेवलाय. ‘शीर्षपट’ लिहिलं होतं, तर एकीने विचारलं सिनेमा कुठला.

रश्मी_डोंबिवली
आणि माझ्या थंबनेलच्या कोपऱ्याला काय म्हणायचं ते राहिलंच.