लिमिट माहीत नाही तर कन्व्हर्ज कसं म्हणता?

अंबाजोगाईकर: पुढची पदं एकमेकांच्या हवी तेवढी जवळ येतात, म्हणजे सिक्वेन्स कॉशी आहे, म्हणून ती कन्व्हर्ज होते, हे बीएस्सीच्या पोरांना शिकवणं म्हणजे उगीच डोक्याला ताप. x₁ = 1, xₙ₊₁ = 1/(2 + xₙ) घ्या, सरळ L = 1/(2 + L) मांडा, L = √2 − 1 येतं, विषय संपला. ज्याचं लिमिटच माहीत नाही ते कन्व्हर्ज होतं हे कशाच्या जोरावर म्हणायचं?

लातूरचा मास्तर: सकाळपासून तुमची पोस्ट डोक्यात घोळायलीय म्हणून लिहायलो. L मांडलं तिथंच तुम्ही लिमिट आहे असं धरून बसलाव. हेच xₙ₊₁ = 2xₙ + 1 ला करा, L = −1 येतं, आणि 1 पासून सुरू केलं की 1, 3, 7, 15 अशी पळत सुटते. तुमच्या सिक्वेन्समध्ये पदं 1, 1/3, 3/7, 7/17, फरक 2/3, 2/21, 2/119. नवा फरक म्हणजे जुना फरक भागिले (2 + xₙ)(2 + xₙ₊₁), पदं पॉझिटिव्ह म्हणून हा भाजक 4 च्या वरच, म्हणजे दर पावलाला फरक पाव हिश्श्याच्या आत. मग xₙ पासून कितीही लांबचं पद घ्या, मधले सगळे फरक मिळून त्यातल्या पहिल्या, म्हणजे xₙ आणि xₙ₊₁ मधल्या, फरकाच्या 1 + 1/4 + 1/16 + … म्हणजे 4/3 पटीच्या आतच राहतात, आणि n वाढला की तो फरकच शून्याकडं जातो, म्हणून सिक्वेन्स कॉशी. यात लिमिटचं नाव कुठं आलं?

नांदेडची: एवढं कशाला, लागोपाठचा फरक शून्याकडं जातो दाखवलं की झालं ना कॉशी. मी परीक्षेत हेच लिहिलेलं, सहापैकी एक मार्क. रिचेकिंगचे पैसे भरले तरी एकच.

उदगीरकर: पेपर तपासणारे वाचतात कुठं ताई! माझ्या भावानं आठ पानं लिहिली, आतल्या पानांवर लाल पेनाची एक रेघ नव्हती.

परभणीच्या बाई: मी पेपर तपासते. एका दिवसात गठ्ठा संपवायला लावतात, तरी पान न् पान वाचते मी. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

उदगीरकर: तुम्ही वाचत असाल, त्यानं वर्ष गमावलं.

लातूरचा मास्तर: ताई, राग मानू नका, तो मार्क बरोबरच कापला. xₙ₊₁ = xₙ + 1/xₙ घ्या, 1 पासून. वर्ग केला की दर वेळी 2 पेक्षा जास्तच भर पडते, म्हणून xₙ अनंताकडं जातं, आणि फरक 1/xₙ शून्याकडं! फरक घटतो, पण ठरलेल्या पटीनं नाही, गुणोत्तर 1 कडं सरकतं. आपला पाव हिस्सा इथं मिळत नाही.

नांदेडची: बरं, हे उदाहरण तेव्हा कुणी दाखवलं असतं तर.

अंबाजोगाईकर: L आधी मांडलं ते चुकलं, मानलं. पण पदं एकमेकांजवळ आली म्हणून तिथं काही आहे हे कशावरून?

लातूरचा मास्तर: आता खरा प्रश्न विचारलाव. ही पदं सगळी रॅशनल, √2 − 1 नाही. नुसत्या रॅशनलमध्ये ही सिक्वेन्स कॉशी असूनही कन्व्हर्ज होत नाही. रिअलमध्ये कॉशी म्हणजे बाउंडेड, मग बोल्झानो-वायरस्ट्रासनं एक सबसिक्वेन्स कुठंतरी टेकते, आणि पुढची सगळी पदं तिला चिकटून असल्यानं तिथंच जातात. आता मांडा L, आता तुमचा हक्क आहे.

अंबाजोगाईकर: म्हणजे भार सगळा रिअलच्या कम्प्लीटनेसवर. ती आम्ही वर्गात नुसती मानून घेतो, तिथंच माझं अडतं.