‘चवळी चटक’मधल्या ‘चटक’ला इंग्रजीत काय म्हणाल?

मासुंदा_काठची
मंडळी, मदत हवी आहे. नात सुट्टीला ठाण्यात आली आहे. तिला मराठी समजतं, पण बोलायला लाजते. सोसायटीच्या लॉबीत पोरं राज्य कोणावर हे ठरवायला ‘अटक मटक’ हे मोजणीचं गाणं म्हणतात. सगळ्यांनी गोल बसायचं, एकेक हात जमिनीवर उपडा ठेवायचा आणि म्हणणाऱ्याने प्रत्येक हातावर बोट टेकवत जायचं. आमच्याकडचा पाठ असा:

अटक मटक चवळी चटक
चवळी लागली गोड गोड
जिभेला आला फोड फोड
जिभेचा फोड फुटेना
घरचा पाहुणा उठेना

‘ना’ ज्याच्या हातावर पडेल तो सुटला, त्याने हात काखेत घालून बसायचं. नातीसाठी मी याचं इंग्रजी केलं. शेवटच्या दोन ओळी जमल्या म्हणून खूश होते: ‘द ब्लिस्टर वुडंट गो अवे, द गेस्ट डिसाइडेड ही वुड स्टे’. (उच्चार दिसावा म्हणून देवनागरीतच लिहिते.) अडलं आहे ते ‘चटक’वर. चटक म्हणजे ओढ, चव की चटका? पहिल्या ओळीला त्यातलं काय घेऊ?

आणखी एक घोळ झाला, तोही सांगते. काल सहा पोरं बसली होती. नातीने इंग्रजीत म्हटलं तर चौथा सुटला. तळमजल्यावरच्या मुलाने त्याच जागेपासून मराठीत म्हटलं तर दुसरी सुटली. मग अर्धा तास भांडण, आणि मला पंच म्हणून खाली बोलावणं.

शुद्धमती
चटक म्हणजे चटक. ‘चटक लागणे’ आपण रोज म्हणतो, त्यात शंका कसली? चवळीची चटक लागली म्हणून पोराने ती जास्त खाल्ली आणि जिभेला फोड आला. सगळा कार्यकारणभाव सरळ आहे. आणि ताई, पाहुणा नाही हो, मामा! ‘घरचा मामा उठेना.’ आमच्या आईच्या तोंडी मामाच होता.

ऐरोलीचा_जुना_मेंबर
मला एक कळलं नाही. मोजणीचं गाणं म्हणताय, पण यात आकडे कुठे आहेत? मोजायलाच शिकवायचं असेल तर एक-दोन-तीनवाली पुष्कळ गाणी आहेत, इंग्रजीतही आहेत. तीच शिकवा ना.

मासुंदा_काठची
काका, अंक शिकवायचे नाहीत. राज्य ठरवायचं आहे.

छंदवेडा
घोळ मात्रांचा आहे. मराठीत प्रत्येक बोटाला चार मात्रा येतात. च-व-ळी, एक एक दोन, झाल्या चार. इंग्रजीत मात्राच नाहीत, म्हणून असा अनुवाद तत्त्वतः अशक्य आहे.

बालवाडी_नेरुळ
छंदवेडा, चवळी तेवढी तुमच्या हिशोबात बसली. ‘अटक’ तीन मात्रांचं आहे आणि ‘जिभेला’ पाच. तरी दोन्हींवर बोट एकदाच पडतं. पोरं अक्षरं मोजत नाहीत, ठोका मोजतात. एखादा शब्द आखडून म्हणतात, एखादा ताणतात.

ताईंची पोरं कशी मोजत असतील ते लिहून बघा. अटक, मटक, चवळी, चटक: चार बोटं. चवळी, लागली, गोड, गोड: चार. तिसरी ओळही तशीच. चौथीत गंमत आहे. ‘जिभेचा, फोड, फुटे’ झाल्यावर ‘ना’ला स्वतंत्र बोट मिळतं. पाचवीतही ‘उठे’वर एक, ‘ना’वर एक. म्हणजे पाच चोक वीस. सहा पोरं असतील तर तीन फेऱ्यांत अठरा जातात, एकोणिसावं पुन्हा पहिल्यावर आणि विसावं दुसरीवर. तळमजल्यावरचा मुलगा बरोबर होता.

आता इंग्रजी. ‘द ब्लिस्टर’मधला ‘द’ बिनजोराचा आहे. इंग्रजी बोलणारं पोर त्याच्यावर बोट टेकवणार नाही, ते ‘ब्लिस्’पासून सुरू करेल. पण लॉबीतली पोरं मराठी वळणाने खेळत होती, ओळ सुरू झाली की बोट पडलंच पाहिजे. दोन ओळी ‘द’ने सुरू होतात, म्हणून दोन बोटं वाढली. बावीस. बाविसावं चौथ्यावर. नातही खोटं खेळली नाही.

मासुंदा_काठची
अगं बाई! आणि मी दोघांनाही ओरडले.

खारीगावचा_खवय्या
चवळी म्हणजे दाणे की शेंग? दाणे असतील तर उसळ, शेंग असेल तर भाजी. सडपातळ मुलीला ‘चवळीची शेंग’ म्हणतात, दाणा कोणी म्हणत नाही. आमच्याकडे चवळीच्या उसळीत ओला नारळ भरपूर असतो, त्यामुळे ‘गोड गोड’ अगदी पटतं. मात्र ‘ब्लॅक आइड पीज’ लिहिलंत तर पोरं चवळी विसरून डोळेच शोधत बसतील.

बालवाडी_नेरुळ
म्हणूनच मी ती भाषांतरात घेणार नाही. पहिली ओळ आहे तशी ठेवा. इंग्रज पोरांना तरी ‘ईनी मीनी मायनी मो’चा अर्थ कुठे माहीत असतो? तिथेही चार ठोके आहेत आणि ‘मो’ एकटाच आपलं बोट घेतो, अगदी आपल्या ‘ना’सारखा. तो साचा त्यांच्या कानात बसलेला असतो. ओळ जोराच्या अक्षराने उघडायची आणि एका सुट्या अक्षरावर आपटून थांबवायची. माझा कच्चा खर्डा बघा:

अटक मटक चवळी चटक
चवळी, चवळी, यम यम यम
नाऊ अ ब्लिस्टर्स ऑन माय गम
ब्लिस्टर, ब्लिस्टर, वोंट यू पॉप
व्हिजिटर, व्हिजिटर, वोंट यू हॉप

प्रत्येक ओळीत चारच बोटं. दुसरीत ‘यम यम’ मिळून एक आणि शेवटचा ‘यम’ सुटा. शेवटचं ‘हॉप’ ज्याच्यावर पडेल त्याने खरंच टुणकन उठायचं. मराठीत ‘उठेना’ म्हणतो आणि सुटलेलं पोर हात काढून घेतं. इंग्रजीत ती कृती शब्दातच आली.

शुद्धमती
जिभेचा फोड हिरडीवर गेला! हा अनुवाद की शस्त्रक्रिया? ‘गम’ म्हणजे हिरडी. आणि ‘फुटेना’, ‘उठेना’ यांत हट्ट आहे, फोडही ऐकत नाही आणि मामाही ऐकत नाही. तुमच्याकडे नुसते प्रश्न झाले. उद्या चवळीचा राजमा कराल.

बालवाडी_नेरुळ
हिरडीचा गुन्हा कबूल. ‘टंग’ला यमक शोधत दोन दिवस गेले, मिळालं त्यात ठोका बिघडत होता. अर्थ की बोट असं निवडायची वेळ आली तेव्हा मी बोट निवडलं. ‘वोंट यू’त मात्र विनंती आहे तसा वैतागही आहे, ‘उठतोस की नाही’ अशा सुरात म्हणून बघा. हट्ट अर्धा तरी येतो.

छंदवेडा
अर्धाच येतो. मात्र ‘ना’ आणि ‘मो’ची तुलना पटली. मात्रांबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

इतिहासप्रेमी_कळवा
कोणी ‘अटक’चा विचारच करत नाही. अटक हे सिंधूकाठचं ठाणं. १७५८मध्ये मराठे तिथवर पोचले, त्यावरून ‘अटकेपार झेंडे’. मोहिमेवरून आलेल्या शिपायांनी हे गाणं आणलं असणार. मटक म्हणजे मटकी, घोड्यांचा खुराक. चवळी शिपायांचा.

खारीगावचा_खवय्या
घोड्यांना हरभरा घालतात हो. मटकी घातली तर मिसळ कशाची करणार?

शुद्धमती
इतिहासप्रेमी, मग ‘अडगुळं मडगुळं’मधलं अडगुळं कुठल्या किल्ल्यावर आहे? पहिला शब्द घ्यायचा, त्याला म लावून दुसरा करायचा, ही आपली बोलण्याची खोडच आहे. अटकला मटक आणि त्याच नादाने चटक.

मासुंदा_काठची
शुद्धमतीताई, मग चटक नुसता नाद झाला ना? वर तर ओढ म्हणाला होतात.

शुद्धमती
अटक-मटक नाद आहे. चटकला अर्थ आहे. दोन्ही असू शकतं.

कोपरखैरणेची_आई
‘सुटला’चं काय करणार ते आधी ठरवा. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. खाली खेळताना ताईने ‘यू आर आउट’ म्हटलं आणि हा रडत वर आला. आउट म्हणजे हरलो असंच त्याच्या डोक्यात. मी म्हटलं, अरे, सुटलास तू, राज्य तुझ्यावर नाही! त्याला ‘सुटणं’ कळलं तेव्हा पठ्ठ्या हसला. राज्याला आमच्याकडची पोरं ‘डेन’ म्हणतात, ‘तुझ्यावर डेन’. बाहेरून आलेल्या पोरांना ते कळत नाही, त्यांना ‘इट’ लागतं.

बालवाडी_नेरुळ
हा मुद्दा माझ्याकडून निसटला होता. आपल्या खेळात ज्याच्यावर बोट थांबतं तो मोकळा आणि शेवटी उरतो त्याच्यावर राज्य. इंग्रजी गाण्यांवर काही पोरं तसं खेळतात, काही पहिल्याच फेरीत ज्याच्यावर थांबेल त्यालाच राज्य देतात. तेव्हा सुरू करण्याआधी ताईंनी एकदा सांगून टाकावं. मी ‘आउट’ वापरणार नाही, ‘फ्री’ म्हणेन.

आणि सावध राहा. वीस बोटं आहेत, म्हणून चार किंवा पाच पोरं उरली की बोट नेहमी शेवटच्यावर थांबतं. हुशार पोरं हे चटकन ओळखतात आणि मोजणाऱ्याच्या उजव्या हाताला जाऊन बसतात. माझ्या बालवाडीत एक मुलगी दर वेळी तिथेच सापडायची.

खारीगावचा_खवय्या
‘चटकन’! घ्या, हा चौथा अर्थ. चवळी चटकन शिजते म्हणून ‘चवळी चटक’?

शुद्धमती
न भिजवता टाकून बघा, कळेल किती चटकन शिजते ते.

ऐरोलीचा_जुना_मेंबर
आमच्या लहानपणी ‘आपडी थापडी, गुळाची पापडी’ होतं. त्यात कान धरायचे असत. ते जास्त सोपं नाही का? कान सगळ्या भाषांत सारखेच.

मासुंदा_काठची
काका, त्यात कोणी सुटत नाही, सगळ्यांचेच कान धरले जातात.

आज संध्याकाळी बालवाडीताईंचा खर्डा लॉबीत नेला. सहा पोरं, दोन्ही भाषांत म्हणून झालं. दोन्ही वेळा दुसऱ्या जागेवरच थांबलं, भांडण नाही. नातीने ‘गम’ ऐकून च्युइंगम समजलं, शुद्धमतीताईंनी खूश व्हावं. पोरांनी स्वतःची भरही घातली: ‘पॉप’ला तोंडात बोट घालून गालातून फटकन आवाज काढायचा. आता ते बोट पुन्हा दुसऱ्यांच्या हातावर टेकवायचं म्हणून तिघींनी खेळायलाच नकार दिला, ते वेगळं.

‘चटक’ मी तशीच ठेवली आहे. पण नवीन अडचण आली. तळमजल्यावरच्या मुलाचा धाकटा भाऊ कच्चं लिंबू म्हणून बसला होता. नात विचारते, ‘व्हाय इज ही अ लेमन?’ काय सांगू?

शुद्धमती
आमच्याकडे लिंबूटिंबू म्हणतात. कच्चं लिंबू हे मुंबईकडचं.

छंदवेडा
मुंबईकडचं कसं? आम्ही नाशिकला कच्चं लिंबूच म्हणायचो.