शब्द हवा : धूसर, हललेला की फराटा? आणि पवित्रा की झोक?

रेघोटी
संध्याकाळच्या वर्गात मुलांना फोटोजुळवणी शिकवते. त्यांच्यासाठी मराठीतून एक वही लिहायला घेतली आहे आणि दोन शब्दांवर अडले आहे.

प्रसंग असा. पहाटेचा मरीन ड्राइव्हचा फोटो आहे. ओला पदपथ, कठडा, मागे समुद्र. त्यात धावणारा माणूस बसवायचा. माणूस मैदानावरच्या भर उन्हातल्या फोटोतून कापून घेतला. तो इतका लख्ख गोठलेला, की चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून वहीत मी लिहिलं, ‘माणूस थोडा धूसर करा.’ एका मुलाने तो डोक्यापासून बुटापर्यंत सगळीकडून सारखाच मऊ केला. आता तो धावत नाही, धुक्यात उभा आहे असं वाटतं. चूक त्याची नाही, माझ्या शब्दाची आहे. ‘मोशन ब्लर’ला असा शब्द हवा, जो ऐकून हात बरोबर चालेल. आणि ‘पोश्चर’ला ‘अंगस्थिती’ म्हणायचं नाहीये, तो शब्द दवाखान्यातला वाटतो.

पाटीपेन्सिल
‘धूसर’ला दिशा नसते. धूर, धूळ, धुकं, सगळं चहूबाजूंनी पसरतं. तुमच्या विद्यार्थ्याने शब्दाचा अर्थ अचूक पाळला. ‘अंधुक’ आणि ‘पुसट’ यांचीही तीच गोष्ट. घरोघरी वापरात आहे तो ‘हललेला’. ‘फोटो हललाय’ असं आपण सहज म्हणतो. पण त्यात हललं कोण, हे कळत नाही. छायाचित्रकाराचा हात हलला तर कठडाही हललेला दिसेल. तुम्हाला कठडा जागच्या जागी हवा आहे.

माझं मत ‘फराटा’. ओल्या जमिनीवरून पोतं ओढलं की मागे उमटतो तो. त्याला दिशा असते, लांबीही असते.

फ्लेक्सवाला
फराटा बरोबर आहे. मी रोज हेच करतो. माणसाची एक प्रत काढायची, आडवा मोशन ब्लर मारायचा, ती प्रत मूळ माणसाच्या मागे सरकवायची. म्हणजे पुढून माणूस स्वच्छ आणि पाठीमागे शेपूट. पाच मिनिटांत पळायला लागतो. एवढा विचार कशाला?

खटका
फ्लेक्सवाला दादा, दिशेचं तुमचं बरोबर आहे, शेपटीचं नाही. शेपूट चित्रकथेतली. कॅमेऱ्याचा खटका उघडा असताना माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातो, आणि त्या वेळात तो जिथे जिथे होता तिथे तिथे थोडाथोडा उमटतो. त्यामुळे पुढची कडाही मागच्या कडेइतकीच विरळ होते. पुढून धारदार आणि मागे शेपूट असं एकाच वेळी खरोखर दिसतं ते खटका मिटायच्या क्षणी फ्लॅश उडवला तर. पहाटेच्या मरीन ड्राइव्हवर फ्लॅश कुणी उडवला? फोटोशॉपच्या `Path Blur`मध्ये `Centered Blur` नावाची खूण आहे ती याचसाठी. ती काढली की फराटा एकाच बाजूला ओढला जातो.

आता किती ओढायचं ते. रेघोटीताई, पार्श्वभूमीच्या फोटोचा शटर किती होता?

रेघोटी
मूळ फाईल माझ्याकडेच आहे. 1/60. फोटोत माणसाची उंची साधारण 1020 पिक्सेल ठेवली आहे.

खटका
छान. माणूस 1.7 मीटर उंच धरू, म्हणजे एका मीटरला 600 पिक्सेल. सकाळी व्यायामाला धावणारा सेकंदाला 3 मीटर जातो असं धरू, तासाला 11 किलोमीटरच्या जरा आत. सेकंदाच्या साठाव्या भागात तो 5 सेंटिमीटर सरकला. म्हणजे 30 पिक्सेल. हा झाला धडाचा फराटा, आणि तोही माणूस कॅमेऱ्यासमोरून आडवा जात असेल तर. तिरका, 45 अंशांत येत असेल तर 21 वर आणा. सरळ अंगावर धावत येत असेल तर धडाला आडवा फराटा जवळजवळ नसतोच, हातपायच काय ते हलतात.

पण हे 30 पिक्सेल सगळ्या अंगाला लावले की पुन्हा फसलात. जमिनीवर टेकलेला पाय धावत नसतो. तो जमिनीवर थांबलेला असतो आणि अंग त्याच्यावरून पुढे जातं. त्या बुटाचा चवडा स्वच्छ दिसला पाहिजे. घोट्यापासून वर गुडघ्याकडे, मांडीकडे फराटा हळूहळू वाढत जातो आणि कमरेशी 30 ला पोचतो. उलट हवेतला पाय अंगाला मागे टाकून पुढे यायचा असतो, तो धडाच्या जवळपास दुप्पट वेगाने जातो. त्याच्या पावलाला 55 ते 60 द्या. उजवा पाय टेकलेला असेल तर डावा पाय आणि उजवा हात पुढे येत असतात, म्हणून उजव्या हाताचा फराटाही धडापेक्षा जास्त. डावा हात मागे जात असतो आणि अंग पुढे, दोन्ही एकमेकांना खातात. तो हात धडापेक्षा स्पष्ट असतो.

एक पाय खिळलेला आणि दुसरा विरलेला, हे दिसलं की डोळा म्हणतो, हा धावतोय.

माईंची वही
माझ्या नातीचा शाळेच्या क्रीडादिनाचा फोटो अगदी असाच हललाय. शर्यतीत पहिली आली होती. तो साफ कसा करायचा कुणी सांगेल का?

खटका
माई, इथे उलटं चाललंय, आम्ही साफ फोटो हलवतोय. पण तुमच्या फोटोत तिचा टेकलेला पाय स्पष्ट असेल आणि चेहरा ओळखू येत असेल, तर तो फोटो बिघडलेला नाही. तसाच मोठा करून लावा.

माईंची वही
पाहिलं. डावा बूट स्पष्ट आहे, नाडी सुटलेली दिसते.

शाडूमाती
शब्द दुसरा घेतो. मी मूर्तिकाम करतो. ‘ठाण’ हा आमचा जुना शब्द, पण ठाण म्हणजे ठाम उभं राहणं. ‘पवित्रा’ही तसाच. पैलवान पवित्रा घेतो, म्हणजे हालचालीच्या आधी थांबतो. कापून आणलेल्या माणसांत खरा घोळ इथेच होतो. स्टुडिओत कुणाला तरी ‘धावायची पोझ दे’ म्हणून सांगतात. तो एका पायावर उभा राहतो, दुसरा मागे उचलतो, कोपर वाकवतो. पडू नये म्हणून त्याचा सगळा तोल टेकलेल्या पायावर नेमका तोललेला असतो. धावणारा माणूस असा तोललेला फार थोडा वेळ असतो. पाऊल पडताना ते अंगाच्या जरा पुढे पडतं, सुटताना अंगाच्या बरंच मागे असतं. तो सतत पुढे पडत असतो आणि पुढचं पाऊल त्याला सावरतं. म्हणून माझा शब्द ‘झोक’. पवित्रा घेतात, झोक जातो.

कापलेला माणूस तपासायचा असेल तर कमरेच्या मध्यातून सरळ खाली एक रेघ सोडा. पाऊल सुटण्याचा क्षण असूनही ती रेघ टेकलेल्या बुटावर आली, तर तो माणूस उभा आहे. त्याला कितीही फराटा द्या, उभाच राहणार.

फ्लेक्सवाला
मग त्याला फिरवून तिरका केला तर? मी पाच-सात अंश पुढे झुकवतो.

शाडूमाती
पाच अंश खपतात. जास्त केलंत तर डोकंही झुकतं आणि नजर जमिनीत जाते. धावणारा डोकं सरळ ठेवतो, समोर बघतो. शिवाय टेकलेला बूटही फिरतो, टाच किंवा चवडा हवेत उचलला जातो. दुसरा फोटो शोधणं परवडतं.

पाटीपेन्सिल
‘झोक’ मान्य. त्याला जोडून एक. घोडदौडीच्या जुन्या चित्रांत चारी पाय पुढे-मागे ताणलेले, पोट जमिनीला समांतर, असा घोडा उडताना दिसतो. 1878 साली मयब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारी खूर सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकारांनी घोड्याचा आविर्भाव काढला होता, झोक नव्हे. ‘आविर्भाव’ वहीत वेगळा ठेवा, चेहऱ्यासाठी आणि आवेशासाठी.

रेघोटी
हे लिहून घेतलं. पण एका मुलाचं काम उडीचं आहे. नदीच्या घाटावरून पाण्यात उडी मारणारा पोरगा. त्याने उभा फराटा दिलाय, तरी खोटं वाटतंय.

खटका
पोरगा उडीच्या कुठल्या टप्प्यावर आहे? अगदी वर पोचला असेल तर त्या क्षणी त्याचा उभा वेग शून्य असतो. तिथे उभा फराटा देणंच चूक. पुढे जाण्याचा आडवा थोडा असेल तेवढाच. शिखरानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाने तो सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने खाली येत असतो, 1/60 ला दीड सेंटिमीटरच्या आसपास. पाण्याजवळ येईल तसा फराटा लांब. तुमचा पोरगा वर आहे आणि फराटा खालच्यासारखा आहे, असं असणार.

पाटीपेन्सिल
म्हणूनच ‘उडी’ हा एकच शब्द वापरू नका. उसळी वर जाते, झेप पुढे जाते, सूर डोकं पुढे करून जातो. मुलाला आधी विचारा, याने काय मारलंय? दिशा शब्दातच मिळेल.

शाडूमाती
आणि केस बघा. स्टुलावर पोटावर झोपवून ‘सूर’ काढलेला असेल तर केस आणि सदरा खाली लोंबतात. खरोखर खाली येणाऱ्याचे केस आणि सदऱ्याची टोकं वर उठलेली असतात. फराट्याने ते लपत नाही.

रेघोटी
आई गं. केस लोंबताहेत.

फ्लेक्सवाला
मी काल रात्री खटका म्हणाले तसं करून पाहिलं. धड, दोन हात, दोन पाय वेगळे केले, पायांना `Path Blur`ने वळणदार रेघ दिली, कारण पाऊल सरळ जात नाही, कमानीत जातं. `End Point Speed` टेकलेल्या बुटाच्या टोकाला शून्य ठेवला. माणूस पळतोय, मानलं. पण पुढे येणाऱ्या मनगटाच्या कडेला मैदानातलं हिरवं दिसतंय.

खटका
कापतानाच ते कडेला राहिलं होतं, धारदार असताना एक-दोन पिक्सेलांत लपलं. फराट्याने पसरवलं. आधी कड एक पिक्सेल आत घ्या, कडेचा हिरवा रंग त्वचेच्या रंगाने झाका, मग ओढा. दुसरं असं की ते मनगट साधारण 36 पिक्सेल रुंद आणि फराटा 50 च्या घरात. म्हणजे कुठल्याही एका जागी ते पूर्ण वेळ नव्हतंच, त्यातून मागचा कठडा थोडा दिसायलाच हवा. धड मात्र जाड आहे, त्याचा गाभा भरीव राहतो, फक्त कडा विरळ. मनगट भरीव ठेवून वर फराटा चढवलात तर हातावर रंग सांडल्यासारखं दिसेल.

पाटीपेन्सिल
फ्लेक्सवाल्यांना सुरुवातीला शेपूट का सुचली, त्याचा विचार करतोय. दोष माझ्या शब्दाचा असावा. फराटा मागेच उरतो, पोत्याच्या पुढे कधी नसतो. खटका म्हणतात तसं दोन्ही कडा विरायच्या असतील तर ‘फराटा’ पुन्हा फसवणार. ‘विरणं’ कसं वाटतं? कापड विरतं ते दोन्ही बाजूंनी. पण मग दिशा गेली.

रेघोटी
‘दोन्हीकडे ओढलेला’ असं लिहावं का? लांब होतं. पार्श्वभूमीची मूळ फाईल नसली, व्हॉट्सॲपवरून आलेली असली, तर शटर कळत नाही, तेव्हा काय करायचं हेही लिहायचंय.

खटका
त्याच फोटोत दुसरं काय हलतंय ते शोधा. कावळ्याचे पंख, जाणारी टॅक्सी, कठड्यावर फुटणारी लाट. लाटेचे थेंब मण्यांसारखे टिपलेले असतील तर तुमच्या माणसाला 30 पिक्सेलांचा फराटा द्यायचा हक्कच नाही, तो जवळजवळ गोठलेलाच हवा. थेंबांच्या रेघा झाल्या असतील तर त्या रेघांची लांबी बघून अंदाज बांधा. काहीच हलत नसेल तर मी कमी देतो.

शाडूमाती
‘ओढ’ म्हणा. नदीच्या पाण्याला असते ती. पण ‘मनाची ओढ’ आडवी येईल.

फ्लेक्सवाला
सावली राहिलीच. मी माणूस ओढला, पदपथावरची सावली धारदारच आहे. टेकलेल्या बुटाखालची तशीच ठेवायची आणि हवेतल्या पायाची ओढायची, बरोबर ना?

खटका
बरोबर. आणि ओल्या फरशीत त्याचं प्रतिबिंबही आहे, तेही तसंच.