भाकरी चालते, पण मऊ शिजलेली

"कुत्रा म्हणजे पाळलेला लांडगाच, मग त्याला भात-भाकरी कशाला?"

पोटाच्या बाबतीत हे पटत नाही. लांडगा शिकार साधली की पोट फुटेस्तोवर खातो, मग दिवसेंदिवस उपाशी राहतो. कुत्रा माणसाचं खरकटं खात आला. पिष्ट पचवणारं अमायलेज स्वादुपिंडात बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात साधारण २ प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. स्वीडनच्या संशोधकांनी हे २०१३ मध्ये दाखवलं.

मात्र कुत्र्याच्या लाळेत हे विकर जवळपास नसतंच आणि तो घास न चावता गिळतो. आमच्या मोतीला एकदा घाईत अर्धाकच्चा भात घातला, तर दुसऱ्या दिवशी शितं जशीच्या तशी बाहेर! तोच भात गुरगुट्या करून उकडलेल्या अंड्याबरोबर दिला की शी बांधून होते. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र ठेवू नका, मांस-अंडी हवीतच.